ब्राऊन ब्रेड : गव्हाचा की रंगाचा?

खोपटच्या आमच्या बचत गटाकडून आज तुमच्याशी बोलतो आहोत. विषय साधा आहे, पण तो आपल्या खिशाशी आणि घरातल्या माणसांच्या तब्येतीशी जोडलेला आहे. दुकानातून आपण 'ब्राऊन ब्रेड' म्हणून जो आणतो, तो खरंच अख्ख्या गव्हाच्या पिठाचा असतो, की मैद्याच्याच ब्रेडला जळक्या साखरेचा रंग दिलेला असतो?

हा प्रश्न आमच्यापुढे कामातून आला. आमच्या गटातल्या सहाजणी आसपासच्या दोन-तीन कचेऱ्यांना सकाळी सँडविच पुरवतात. एका कचेरीतून निरोप आला की साधा ब्रेड नको, ब्राऊन घ्या, आमच्याकडे दोघांना साखरेचा त्रास आहे. ब्राऊन घेतला की पाकिटामागे दहा-पंधरा रुपये जास्त जातात. ते कचेरी देणार होती, म्हणजे आमचं नुकसान काहीच नव्हतं. पण गटातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, दुसऱ्याच्या तब्येतीचं कारण सांगून आपण पैसे घेणार, मग आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नको का?" काकूंच्या घरात यजमानांना बारा वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं. मग आम्ही या ब्रेडच्या मागे लागलो.

सुरुवात आपल्या रोजच्या पोळीपासून करू. गिरणीतून दळून आणलेल्या लोकवनच्या किंवा सिहोरच्या गव्हाच्या कणकेचा रंग कसा असतो? फिकट, किंचित पिवळसर, अंगात बारीक तपकिरी ठिपके. पोळी भाजल्यावर डाग पडतात ते सोडा, पण मधला भाग चॉकलेटी होतो का? कधीच नाही. आपल्याकडचा गहू बहुतेक करून फिकट, अंबरसारख्या सालीचा आहे. परदेशात लाल सालीचाही गहू पिकतो, त्याचा ब्रेड जास्त गडद दिसतो. पण आपल्या गव्हाचं पीठ पावात गेलं म्हणून ते आपोआप चॉकलेटी होणार नाही. म्हणजे आपल्याकडच्या दुकानातला ब्रेड आतून कोकोच्या केकसारखा गडद असेल, तर तो रंग एकट्या गव्हाचा नाही, हे पोळी करणारी कुठलीही बाई सांगू शकेल. रंग कॅरॅमलचा असेल, गुळाचा असेल, नाहीतर भाजलेल्या मॉल्टचा असेल.

इथे एक गोष्ट लगेच सांगायला हवी, नाहीतर उलटीच समजूत होईल. गडद रंग दिसला म्हणजे आत गहू नाहीच, असंही नाही. अर्धी कणीक घालून वर रंग टाकलेला ब्रेडही असतो. पूर्ण कणकेचा ब्रेड करून त्यात गूळ घालणारेही आहेत. रंगावरून एवढंच कळतं की रंग कुठून तरी आला आहे. गहू किती आहे, ते रंग सांगत नाही.

मग बेकरीवाले रंग टाकतात तरी कशाला? आम्ही आमच्या भागातल्या एका बेकरीत गेलो. भट्टी चालवणारे चाचा वयानं मोठे, बोलायला मोकळे. ते म्हणाले, "ताई, मी निम्मं आटा घालतो, निम्मा मैदा. आणि वरून कॅरॅमल कलर. रंग नाही टाकला तर गिऱ्हाईक म्हणतं, हा ब्राऊन नाहीच, मला फसवता." म्हणजे गडद रंगाची मागणी आपल्यापैकीच कुणीतरी करत असतं. आणखी एक कारण त्यांनी सांगितलं ते आम्हाला जास्त पटलं. कणकेचा ब्रेड फुगत नाही. मैद्याचं पीठ मळलं की त्यात ग्लुटेनची चिवट जाळी तयार होते, यीस्टचा वायू त्या जाळीत अडकतो आणि पाव वर येतो. कणकेतला कोंडा त्या जाळीत सुरीसारखा घुसतो आणि तिचे धागे तोडतो, शिवाय पाणीही स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे पूर्ण कणकेचा पाव बसका आणि जड होतो, आणि लवकर कोरडा पडतो. गिऱ्हाइकाला तर मऊ, उंच स्लाइस हवी. मग मैदा वाढवायचा, किंवा वेगळं ग्लुटेन विकत आणून घालायचं, आणि रंगानं बाकीचं झाकायचं. यात गिऱ्हाइकाला चक्क लबाडीनं लुबाडणारे आहेत आणि धंद्याच्या गरजेनं तडजोड करणारेही. आमच्या मते चाचा दुसऱ्या गटात बसतात, कारण विचारल्यावर त्यांनी खरं सांगितलं. आपण मात्र विचारत नाही.

चाचांचं ऐकून आम्ही स्वतः करून बघायचं ठरवलं. गटातल्या एकीकडे ओव्हन आहे. एका रविवारी तीन पाव केले. तिन्हींना पीठ पाव किलो, मीठ एक लहान चमचा, साखर एक चमचा, कोरडं यीस्ट पाऊण चमचा आणि तेल एक मोठा चमचा. पहिला पाव नुसत्या मैद्याचा, त्यात दीडशे मिलिलिटर पाणी पुरलं. दुसरा तसाच मैद्याचा, पण त्यात कॅरॅमल घातलं. ते असं केलं की चार चमचे साखर कोरड्या कढईत जवळजवळ काळी होईपर्यंत जाळली, गॅस बंद केला आणि कोमट पाणी हळूहळू सोडलं. हे करताना लांब उभं राहा, कारण पाणी पडताच साखर उसळते आणि अंगावर येते. त्या पाकाचे दोन लहान चमचे पिठात गेले. तिसरा पाव पूर्ण कणकेचा. त्याला पाणी जास्त लागलं, सुमारे एकशे पंच्याऐंशी मिलिलिटर, कारण कोंडा पाणी पितो.

भाजून गार झाल्यावर तिन्ही कापून शेजारी ठेवले. पहिला पांढरा. दुसरा एकसारखा तपकिरी, जणू रंगकाम केलेली भिंत, एकही ठिपका नाही. तिसरा सर्वांत बुटका, आणि रंगानं दुसऱ्यापेक्षा फिकट! करडा-पिवळसर, अंगभर कोंड्याचे कण. ज्या बायका मदतीला आल्या होत्या, त्यांना न सांगता विचारलं, यातला ब्राऊन ब्रेड कुठला? पाचातल्या चौघींनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे मैदा आणि जळकी साखर.

स्लाइस उजेडाकडे धरून बघितली तर कोंड्याचे कण जास्त स्पष्ट दिसतात. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर आणखी एक घरगुती रीत आहे. एक स्लाइस कडा काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, हातानं चांगली कुस्करायची आणि जुन्या मलमलच्या कापडातून गाळायची. कापडावर पांढरट लगदा राहतो, तो बोटानं पसरून बघायचा. कणकेच्या पावात त्या लगद्यात बारीक तपकिरी साली चमकतात. आमच्या मैदा-कॅरॅमलच्या पावात एकही साल सापडली नाही. मात्र या रीतीला मर्यादा आहे, ती सांगायलाच हवी. मैद्यात वरून मूठभर कोंडा टाकला तरी साली दिसतात. म्हणजे ही रीत 'नुसता रंग' पकडते, पण 'किती गहू' ते सांगत नाही. आणि भिजवलेलं पाणी तपकिरी झालं म्हणून कॅरॅमल आहेच, असं धरून चालू नका. गूळ घातला असेल तरी पाणी रंगतं. आयोडीनचे थेंब टाकून बघा असंही कुणीतरी सुचवलं होतं. त्याचा इथे उपयोग नाही, कारण आयोडीन पिष्टावर निळं-काळं होतं, आणि पिष्ट मैद्यातही असतं नि कणकेतही.

मग खरं उत्तर कुठे मिळतं? पाकिटाच्या मागच्या बाजूला. तिथली घटकांची यादी वाचायला शिकलो की निम्मं काम होतं. भिंग घ्यावं लागलं तरी चालेल, अक्षरं मुंगीएवढी असतात.

आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे पाकीटबंद पदार्थाचे घटक वजनानं जास्त ते कमी या क्रमानं लिहावे लागतात. सर्वांत आधी ज्याचं नाव, ते सर्वांत जास्त. तेव्हा यादीचा पहिला शब्द कुठला आहे ते बघा. तिथे 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' किंवा 'मैदा' असेल, तर पुढे 'आटा' कुठेतरी येत असला तरी तो ब्रेड मुख्यतः मैद्याचा आहे. 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' पहिला असेल तर गाडी योग्य रुळावर आहे. आणि नुसतं 'व्हीट फ्लोअर' लिहिलं असेल तर फसू नका. मैदाही गव्हाचाच असतो! 'होल' हा शब्द नसेल, तर त्याला अख्खा गहू समजू नका.

क्रमानं सगळं कळत नाही. आटा दुसऱ्या क्रमांकावर असेल तर तो एकूण पिठाच्या चाळीस टक्केही असू शकतो आणि चारही. इथे मीठ आपल्या कामी येतं. हा भाग आम्हाला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या पाव किलो पिठाच्या पावात एक चमचा मीठ गेलं, म्हणजे चार-पाच ग्रॅम. सगळा गोळा झाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मीठ जेमतेम एक टक्का. ब्रेडमध्ये मीठ याच्या फार पुढे जात नाही, नाहीतर तोंडात धरवणार नाही. आता यादीत 'आटा' किंवा 'गव्हाचा कोंडा' मिठाच्या नंतर आला असेल, तर तो एक टक्क्याच्या आतबाहेरच आहे, चिमूटभर. साखरेच्या आधी येतो की नंतर, तेही बघा. आमच्या हाती एका पाकिटाची यादी आली, ती अशी होती : मैदा, पाणी, साखर, यीस्ट, मीठ, गव्हाचा कोंडा, खाद्यतेल, मग परवानगी असलेला नैसर्गिक रंग. कोंडा मिठाच्या मागे. पुढच्या बाजूला मात्र गव्हाच्या लोंब्यांचं सोनेरी चित्र.

त्या चित्राबद्दलही नियम आहे. पाकिटावर शब्दांनी किंवा चित्रानं एखाद्या घटकावर भर दिला असेल, तर तो घटक किती टक्के आहे हे लिहावं लागतं. म्हणून 'होल व्हीट' असं मोठ्या अक्षरात मिरवलं असेल, तर मागे आकडा शोधा. आणि आकडा सापडला की त्याचा अर्थ कसा लावायचा ते बघू, कारण तिथे बऱ्याच जणी गोंधळतात.

समजा मागे लिहिलंय 'आटा २८ टक्के'. ऐकून वाटतं, अरेच्चा, पाव हिस्साच! पण हा आकडा पूर्ण गोळ्याच्या वजनाचा असतो, आणि त्यात पाणीही मोजलेलं असतं. आमच्या कणकेच्या पावाचं गणित घ्या. अडीचशे ग्रॅम कणीक, पाणी, साखर, तेल, सगळं मिळून साडेचारशेच्या वर ग्रॅम. त्यात कणीक भरते चोपन्न-पंचावन्न टक्के. म्हणजे पूर्ण कणकेच्या, मैद्याचा कणही नसलेल्या पावाच्या पाकिटावरही आटा साधारण पंचावन्न टक्के दिसणार. मग २८ टक्के म्हणजे त्याच्या अर्धा. पिठापैकी अर्धा आटा, अर्धा मैदा, चाचांच्या ब्रेडसारखाच. काही पाकिटांवर आकडा पिठाच्या हिशोबानंही दिलेला असतो, म्हणून आकडा 'एकूण पिठाच्या' आहे की 'एकूण ब्रेडच्या', हे नीट वाचा.

किती गहू असला म्हणजे ब्राऊन म्हणावं? केंद्राच्या अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं खास प्रकारच्या ब्रेडसाठी जो मसुदा मांडला, त्यात 'होल व्हीट' ब्रेडमध्ये निदान ७५ टक्के आणि 'ब्राऊन' ब्रेडमध्ये निदान ५० टक्के अख्ख्या गव्हाचं पीठ असावं, असं म्हटलं होतं. हे आकडे डोक्यात ठेवायला बरे. यातून एक मजा लक्षात येते. 'ब्राऊन' हा शब्दच अर्ध्या गव्हाचा आहे. म्हणजे दोन पाकिटं शेजारी असतील, एकावर 'ब्राऊन' आणि एकावर 'होल व्हीट' किंवा 'आटा ब्रेड', तर नावावरून दुसऱ्याकडून जास्त अपेक्षा ठेवायला हरकत नाही. मात्र मागची यादी दोन्हींची वाचायची.

रंगाची नोंदही यादीतच असते. यादीच्या शेवटी 'परवानगी असलेला नैसर्गिक रंग' किंवा 'कॅरॅमल' आणि पुढे १५० ए, १५० बी, १५० सी, १५० डी यापैकी काहीतरी दिसेल. हे सगळे कॅरॅमलचेच प्रकार. ए म्हणजे साधं, बाकीचे सल्फाइट किंवा अमोनिया वापरून केलेले. कॅरॅमलला आपल्या नियमांत नैसर्गिक रंगांत धरलेलं आहे, म्हणून 'नैसर्गिक' शब्द वाचून फार आनंदी होऊ नका. तसंच 'रंग' वाचून घाबरूही नका. नियमाच्या मर्यादेतलं कॅरॅमल म्हणजे विष नव्हे. तक्रार अशी आहे की ते गव्हाचं सोंग घेऊन येतं.

आणखी एक आकडा तपासायला मिळाला तर उत्तम, तो म्हणजे तंतुमय पदार्थ, पाकिटावर 'डाएटरी फायबर'. हा आकडा छापणं सक्तीचं नाही, त्यामुळे दरवेळी सापडेलच असं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय पदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यात शंभर ग्रॅम कणकेत सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास तंतू दिलेले आहेत आणि शंभर ग्रॅम मैद्यात पावणेतीन. कोंडा काढून टाकल्यानं एवढा फरक पडतो. आता शंभर ग्रॅम ब्रेडमध्ये पीठ साठ-पासष्ट ग्रॅमच असतं. हिशोब केला तर पूर्ण कणकेच्या ब्रेडमध्ये सुमारे सात ग्रॅम, अर्ध्या-अर्ध्यात साडेचारच्या आसपास, आणि नुसत्या मैद्यात दोनच्या आत तंतू यायला हवेत. पाकिटावर दोन-अडीच ग्रॅम लिहिलं असेल तर रंग कितीही गडद असो, तो पांढराच ब्रेड समजा. उलट बाजूही आहे. मैद्यात वेगळा कोंडा किंवा दुसरे तंतू मिसळून हा आकडा वाढवता येतो. म्हणून तंतूंचा आकडा आणि घटकांची यादी या दोन गोष्टी जोडीनं बघायच्या.

आता काकूंचा प्रश्न. मधुमेहाच्या माणसानं खऱ्या गव्हाचा ब्रेड खाल्ला तर साखर वाढत नाही का? इथे आम्हाला मनाला न पटणारी गोष्ट कळली, पण ती सांगितलीच पाहिजे. कुठला पदार्थ रक्तात साखर किती वेगानं चढवतो, याच्या २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात पांढऱ्या ब्रेडचा निर्देशांक ७५ आहे आणि अख्ख्या गव्हाच्या ब्रेडचा ७४. म्हणजे जवळजवळ सारखाच. कारण गहू बारीक दळला, फुगवला आणि भाजला की त्यातलं पिष्ट लवकर पचतं, कोंडा शेजारी असला तरी. अख्ख्या गव्हाचे फायदे आहेत. पोट साफ राहतं, जीवनसत्त्वं आणि खनिजं कोंड्यात नि अंकुरात असतात ती मिळतात. पण 'ब्राऊन आहे, चार स्लाइस खा' हा हिशोब चुकीचा. किती स्लाइस आणि त्यासोबत काय, हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच ठरवतील. काकूंनी हे ऐकल्यावर यजमानांची सकाळची तिसरी स्लाइस बंद केली. यजमान अजून नाराज आहेत.

सुट्ट्या ब्रेडचं काय? बेकरीतून पारदर्शक पिशवीत, छापील माहितीशिवाय मिळतो तो. त्याची यादी वाचता येत नाही, मग विचारायचं. 'ब्राऊन आहे का?' असं विचारलं तर उत्तर 'हो' च येणार. त्यापेक्षा विचारा, एका घाण्यात आटा किती किलो आणि मैदा किती किलो? रंग घालता का, कुठला? आमचा अनुभव असा की किलोचा प्रश्न आला की माणूस खरं बोलायला लागतो, कारण तो रोज मोजूनच टाकतो. जमलं तर पिठाचं पोतं बघायला मागा. बेकरीचा अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी किंवा परवाना क्रमांक भिंतीवर लावलेला असायला हवा, तोही नजरेखालून घाला.

कुणी मुद्दामच फसवत असेल, म्हणजे पाकिटावर 'होल व्हीट' आणि आत मैदा, तर दाद कुठे मागायची? दोन वाटा आहेत. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये अन्न व औषध प्रशासनाचं कोकण विभागाचं कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार देता येते. पाकीट, बॅच क्रमांक, तारीख आणि पावती जपून ठेवा. रिकामं पाकीट फेकलं की तक्रार अर्धी संपते. दुसरी वाट फार थोड्या बायकांना माहीत आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या चाळिसाव्या कलमानुसार कुणीही गिऱ्हाईक शुल्क भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतं. अट एकच, विकत घेताना दुकानदाराला सांगायचं की हा मी तपासणीला देणार आहे. पदार्थ नियमात बसत नाही असं निघालं तर भरलेलं शुल्क परत मिळतं. चुकीचं लेबल लावणाऱ्याला तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एकटीला शुल्क परवडत नसेल तर दहाजणींच्या गटात ते जड जात नाही. आमच्या पुढच्या मासिक बैठकीत हा खर्च गटाच्या नियमात बसवायचा का, यावर मतदान आहे. निम्म्याजणी हो म्हणतात, निम्म्या म्हणतात आधी लेबल वाचा, पैसे नंतर.

राहता राहिलं आमच्या सँडविचचं. आमच्या गटात दोन मतं होती. एक मत असं, की 'हेल्दी ब्राऊन ब्रेड सँडविच' असं लिहिलं की कचेऱ्यांत जास्त खपेल. दुसरं मत, जे शेवटी टिकलं, असं की आपण 'ब्राऊन' हा शब्दच वापरायचा नाही. ज्या पाकिटात आटा पहिला आणि टक्केवारी दिलेली आहे, तेच पाकीट घ्यायचं आणि पाटीवर तेवढंच लिहायचं : 'अर्धी कणीक, अर्धा मैदा', किंवा जो आकडा असेल तो. पहिल्या आठवड्यात एका कचेरीनं विचारलं, मग आधीचा काळा ब्रेड का नाही देत, तो जास्त पौष्टिक दिसायचा. आमच्या मुलीनं आमचा तिसरा, बुटका पाव डब्यात नेला होता, तो काढून दाखवला. एका बाईंनी तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, याला तर पोळीची चव आहे. आता त्याच कचेरीतून आठवड्यातून दोन दिवस पूर्ण कणकेच्या पावाची मागणी येते. एका ओव्हनमध्ये एका वेळी चारच पाव बसतात, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार असे दोनच दिवस ठरवले आहेत.